सरळ उभा खांब काहीच सांगत नाही

दोन मीटर उंचीचा एक लोखंडी पाइप जमिनीवर उभा आहे, असं समजा. त्याच्या तळाशी बिजागरी आहे, त्यामुळे तो एका बाजूला कलू शकतो. बिजागरीत एक गुंडाळीची स्प्रिंग बसवलेली आहे आणि पाइप कलला की ती त्याला परत सरळ करायला बघते. पाइप चांगला ताठ आहे; तो मधे कुठे वाकत नाही, जे काही वळायचं ते तळाशीच. आता माथ्यावर एकेक वजन ठेवत गेलो, तर हा खांब किती वजनाला कोसळेल?

पहिला विचार मनात येतो तो लोखंडाच्या ताकदीचा. पाइपच्या काटछेदात तीन चौरस सेंटिमीटर लोखंड असेल, तर साधं पोलाद दबून कायमचं बिघडायला सुमारे साडेसात टन भार लागेल. पण आपला खांब एवढ्या वजनापर्यंत पोचणारच नाही. पन्नास किलोच्या आसपासच तो एका बाजूला झुकेल आणि त्या वेळी पाइपवर ओरखडाही उठलेला नसेल. हे कोसळणं ताकद संपल्यामुळे होत नाही. खांबाची सरळ राहण्याची क्षमता संपते म्हणून होतं. इंजिनिअर याला बकलिंग म्हणतात आणि ज्या भाराला ते घडतं त्याला क्रांतिक भार.

हा भार काढायला बसलं की एक अडचण समोर येते. खांब अगदी सरळ उभा असताना वजनाची रेषा थेट बिजागरीतून जाते. वजन खाली दाबतं, जमीन तितक्याच जोराने वर रेटते, आणि स्प्रिंगला काही कामच उरत नाही. दहा किलो ठेवा की दहा टन, हिशोब कागदावर जुळतोच. सरळ स्थितीतला समतोल कोणत्याही भाराला खरा असतो, म्हणूनच त्यातून कोणताही विशिष्ट भार सापडत नाही. उत्तर हवं असेल तर खांब मनातल्या मनात थोडा कलवावा लागतो आणि त्या कललेल्या स्थितीत समतोल टिकतो का, हे विचारावं लागतं.

तसं करून पाहू. खांबाची लांबी L, माथ्यावरचा भार P, आणि खांब उभ्या रेषेपासून θ एवढ्या लहान कोनातून कलला आहे. माथा आता बिजागरीच्या बरोबर वर नाही. तो बाजूला Lθ एवढा सरकला आहे. भार मात्र सरळ खालीच ओढतो. त्यामुळे तो खांबाला आणखी पाडू पाहतो आणि हा वळवण्याचा जोर, म्हणजे मोमेंट, भार गुणिले आडवं अंतर, अर्थात PLθ एवढा होतो. दुसऱ्या बाजूने स्प्रिंग विरोध करते. एक रेडियन वळवायला जितका मोमेंट लागतो तो स्प्रिंगचा ताठरपणा k. तेव्हा θ कोनाला स्प्रिंगचा विरोध kθ. खांब कललेल्या जागी स्थिर राहायचा तर हे दोन्ही सारखे हवेत:

PLθ = kθ

दोन्ही बाजूंना θ आहे, तो निघून जातो. उरतं P = k/L. हाच क्रांतिक भार.

θ निघून जाणं ही नुसती बीजगणिताची सोय नाही. सगळा मुद्दा तिथेच आहे. कोन दुप्पट केला तर पाडणारा मोमेंट दुप्पट होतो आणि सावरणाराही दुप्पट. त्यामुळे खांब थोडा कलवला की जास्त, यावर निकाल ठरत नाही; तो फक्त भार आणि ताठरपणा यांच्यावर ठरतो. भार k/L पेक्षा कमी असेल तर प्रत्येक लहान कोनाला स्प्रिंग वरचढ ठरते आणि धक्का दिलेला खांब परत सरळ होतो. भार जास्त असेल तर प्रत्येक लहान कोनाला वजन वरचढ ठरतं आणि श्वासाएवढा धक्काही खांबाला दूर नेतो. बरोबर k/L ला खांब जिथे ठेवाल तिथे राहतो. सूत्रात लोखंडाच्या ताकदीचा पत्ताही नाही, हेही लक्षात घ्या.

k कुठून आणायचा? खांब मोकळा असताना माथ्याला तानकाटा लावून आडवा ओढायचा. समजा १० न्यूटनला, म्हणजे साधारण एक किलोच्या ओढीला, माथा ४० मिलिमीटर सरकला. तळाशी मोमेंट झाला १० गुणिले २, म्हणजे २० न्यूटन-मीटर. कोन झाला ०.०४ भागिले २, म्हणजे ०.०२ रेडियन. म्हणून k = १००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन आणि क्रांतिक भार १००० भागिले २, म्हणजे ५०० न्यूटन. पन्नास किलोला थोडं वर. माथ्यावर एकही वजन न ठेवता, एका हलक्या ओढीने, कोसळण्याचा भार कळला.

खांबाला स्वतःचंही वजन असतं. ते निम्म्या उंचीवर एकवटलं आहे असं धरता येतं. तिथलं आडवं अंतर माथ्याच्या निम्मं, म्हणून पाडण्याच्या कामी त्याचा निम्मा भागच मोजावा लागतो. आपला पाइप पाच किलोच्या आतबाहेर भरेल. म्हणजे क्रांतिक भारातून सुमारे अडीच किलो वजा करायला हवेत. पण खांब उभा असतानाच ओढून पाहिला असेल तर ही वजाबाकी आधीच झालेली असते, कारण ओढताना पाइपचं वजनही ओढीच्याच बाजूने काम करत होतं. तेव्हा मिळालेले ५०० न्यूटन हे माथ्यावर ठेवता येणारं निव्वळ वजन आहे. त्यातून पुन्हा पाइपचं वजन वजा करणं म्हणजे तोच खर्च दोनदा लिहिणं.

लांबीचा परिणामही या सूत्रात स्वच्छ दिसतो. तीच स्प्रिंग ठेवून खांब चार मीटरचा केला तर भार निम्मा होईल. लिओनार्ड ऑयलर याने १७४४ साली वाकणाऱ्या खांबाचं गणित मांडलं. त्यात मात्र लांबी दुप्पट केली की भार एक चतुर्थांश होतो. फरकाचं कारण साधं आहे. ऑयलरच्या खांबात सगळी लांबीच स्प्रिंगचं काम करते. लांबी वाढली की पाडणाऱ्या मोमेंटचं अंतर वाढतं आणि शिवाय खांब स्वतःही जास्त लवचिक होतो. आपल्या खांबात लवचिकपणा तळाच्या एका ठिकाणी बांधलेला आहे, म्हणून लांबीचा फटका एकदाच बसतो.

आता प्रयोग करायला गेलं तर काय दिसेल? ४९९ न्यूटनपर्यंत खांब काटकोनात उभा आणि ५०० ला धाडकन आडवा, असं होत नाही. कुठलाही खांब अगदी सरळ नसतो. समजा, भार नसतानाच माथा १० मिलिमीटर कललेला आहे. स्प्रिंग फक्त त्यापुढच्या वाढीला विरोध करते, पण भार मात्र पूर्ण कलाचा फायदा घेतो. समतोलाचा तोच हिशोब पुन्हा मांडला की एकूण कल निघतो: सुरुवातीचा कल भागिले (१ − P/Pcr), यात Pcr म्हणजे क्रांतिक भार. २५० न्यूटनला माथा २० मिलिमीटर कललेला असेल, ४०० ला ५०, ४५० ला १०० आणि ४७५ ला २००. पहिल्या अडीचशे न्यूटनांनी कल दहा मिलिमीटरने वाढवला. शेवटच्या पंचवीस न्यूटनांनी शंभराने. खऱ्या खांबात क्रांतिक भार दारासारखा लागत नाही. तो जवळ येतो तसतसा कल पळत सुटतो.

क्रांतिक भार ओलांडला की लगेच सगळं संपतं, असंही नाही. कोन मोठा झाला की आडवं अंतर L गुणिले sin θ एवढंच वाढतं, पण स्प्रिंगचा विरोध पूर्ण θ च्या प्रमाणात वाढत राहतो. त्यामुळे कललेल्या खांबाला नवा समतोल सापडतो. मात्र त्याची किंमत बघा: ५०० ऐवजी ५२४ न्यूटन ठेवले तर अगदी सरळ खांबसुद्धा ३० अंशांवर जाऊन थांबेल. भार पाच टक्क्यांनी जास्त आणि खांब जवळजवळ आडव्याच्या वाटेवर. स्प्रिंग तुटली नाही, तरी असा खांब कुणाच्या कामाचा नाही.

या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: कललेल्या खांबावरही भार सरळ खालीच ओढतो. प्रयोगात इथेच गफलत होते. माथ्यावर वजनं ठेवणं अवघड म्हणून कुणी माथ्याला दोरी बांधून ती तळाच्या बिजागरीतून खाली ओढली, तर खांब कितीही कलला तरी ओढीची रेषा बिजागरीतूनच जाते. आडवं अंतर शून्य, पाडणारा मोमेंट शून्य, आणि खांब काही केल्या बकल होत नाही. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या तुळईत आतल्या ताणलेल्या तारा काँक्रीटला चिकटून असतात. त्यांच्या प्रचंड दाबाने तुळई बकल होत नाही, ती याच कारणाने. म्हणून आकृती काढताना खांब कलवायचाच, पण कलल्यावर भाराचा बाण कुठे वळतो, तेही काढायचं.

हा खेळण्यातला खांब वाटत असला तरी गोदामांतल्या उंच रॅकमध्ये त्याचे भाऊबंद उभे असतात. तिथल्या खांबाची तळपट्टी बोल्टने फरशीला जखडलेली असते, पण ती पूर्ण ताठ नसते आणि पूर्ण मोकळीही नसते. ती थोडीशी वळणारी स्प्रिंगच असते. रॅकच्या लांबीच्या दिशेने बऱ्याचदा तिरप्या पट्ट्या नसतात, म्हणून तोल तुळयांच्या जोडांवर आणि या तळपट्ट्यांवर राहतो. बोल्ट सैल झाला की k कमी होतो आणि त्याच प्रमाणात त्या तळाकडून मिळणारा आधारही. पोलाद मात्र पहिल्याइतकंच मजबूत दिसत राहतं.

आपल्या एकट्या खांबापुरती तपासणी मात्र डोळ्यांनी करता येते. ओळंबा सोडून मोकळ्या खांबाचा कल मोजून ठेवायचा, मग भार ठेवल्यावरचा. कल दुप्पट झाला असेल तर भार क्रांतिकाच्या निम्म्यावर आला; पाचपट झाला असेल तर ऐंशी टक्क्यांवर, आणि तिथून पुढचं प्रत्येक किलो आधीच्यापेक्षा महाग पडणार.