साडेदहाचा उजेड

चामड्याच्या डायरीवर दाबून उठवलेली दोन अक्षरे आहेत: ग आणि म. दोघांना मिळून एकच शिरोरेघ. रंग नाही, शाई नाही, सोनेरी वर्ख नाही. डायरी दिव्याच्या बरोबर खाली धरली की अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात, आणि खिडकीपाशी तिरकी धरली की स्पष्ट वाचता येतात. अक्षरे तीच, त्यांची खोलीही तीच. मग बदलले काय? फक्त उजेड येण्याची दिशा.

अशा मोनोग्रामचे वर्णन करायचे, चित्र काढायचे किंवा फोटो घ्यायचा झाला की बहुतेक जण अक्षराच्या आकारापासून सुरुवात करतात. पण रंगाचा फरक नसलेल्या खाचेत डोळ्याला थेट खोली दिसत नाही. दिसतात त्या एका बाजूची काळसर कड आणि दुसऱ्या बाजूची उजळ कड. या दोन कडांवरून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो. म्हणून वर्णनात पहिल्यांदा सांगायला हवे ते उजेड कुठून येतो आहे हे.

घड्याळाच्या तबकडीची कल्पना केली तर हे सोपे होते. समजा उजेड साडेदहाच्या दिशेने, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो आहे. अक्षर आत दाबलेले असेल तर खाचेची वरची-डावी भिंत उजेडाकडे पाठ करून असते, त्यामुळे ती काळी दिसते. खालची-उजवी भिंत उजेडाला सामोरी असते, ती उजळते. अक्षर वर उठवलेले असेल तर सगळे उलट होते: वरची-डावी कड उजळ, खालची-उजवी काळी. दाबलेले की उठवलेले, हे डोळा एवढ्यावरच ठरवतो.

आणि इथेच तो फसतोही. दाबलेल्या अक्षराचा फोटो उलटा धरला तर तेच अक्षर पुष्कळदा उठवलेले भासू लागते, कारण उजेड वरूनच येणार हे मेंदूने गृहीत धरलेले असते. विलयनूर रामचंद्रन यांनी 1988 मध्ये छायेवरून आकार कसा कळतो यावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत वरून खाली काळवंडत जाणारी वर्तुळे लोकांना फुगवट्यासारखी आणि खालून वर काळवंडत जाणारी वर्तुळे खड्ड्यांसारखी दिसली. पुढे 1998 मध्ये जेनिफर सन आणि पिएत्रो पेरोना यांनी दाखवले की आपला कल नुसता वरच्या नव्हे, तर किंचित डावीकडच्या उजेडाकडे असतो. नकाशावर डोंगर छायेने दाखवतानाही उजेड वायव्येकडून, म्हणजे कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून आल्याचे मानायची पद्धत आहे. भारतातल्या बहुतेक भागात वर्षाचा बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, तरी नकाशावर सावली खाली-उजवीकडेच पाडली जाते, कारण तसे न केले तर सह्याद्रीचे कडे दऱ्यांसारखे दिसतील.

दिशेनंतर येतो उजेडाचा उतार. आपल्या ग-म चे माप घेऊ. अक्षराची रेघ 2 मिलिमीटर रुंद, खोली अर्धा मिलिमीटर. उजेड रेघेला आडवा आणि पृष्ठभागापासून 45 अंश वर असेल, तर कडेची सावली खाचेच्या तळावर अर्धा मिलिमीटर पसरते. दिवा 30 अंशांवर उतरवला की सावली जवळपास 0.9 मिलिमीटर होते. 15 अंशांवर ती 1.9 मिलिमीटरच्या आसपास पोचते, म्हणजे खाच जवळजवळ पूर्ण भरून जाते. आता अक्षर ठसठशीत दिसते, पण त्याचा तळ हरवतो. ते काळ्या शाईने छापल्यासारखे सपाट होते, आणि चामड्याच्या दाण्याचा प्रत्येक उंचवटाही स्वतःची सावली पाडून गोंधळ घालतो. या मापाच्या खाचेला 30 अंशांच्या आसपासचा उजेड चांगला. खाच उथळ असेल तर दिवा आणखी खाली आणावा लागतो.

देवनागरीला मात्र एक वेगळी अडचण आहे, आणि रोमन अक्षरांसाठी लिहिलेली पुस्तके तिच्याबद्दल फारसे बोलत नाहीत. आपल्या अक्षरांवर लांब आडवी शिरोरेघ आणि तिच्याखाली उभे काने असतात. उजेड बरोबर डावीकडून, म्हणजे नऊच्या दिशेने आला तर तो शिरोरेघेच्या लांबीनेच वाहतो. तिच्या वरच्या आणि खालच्या कडा सारख्याच उजळतात, सावली पडत नाही आणि रेघ पुसल्यासारखी होते. उरतात नुसते काने. दिवा बाराच्या दिशेला नेला की शिरोरेघ लख्ख उमटते आणि काने फिके पडतात. साडेदहाच्या तिरक्या उजेडात दोघांना वाटा मिळतो. प्रत्येकाच्या सावलीची रुंदी सुमारे सात-दशांश राहते, म्हणजे 30 अंशांवर 0.6 मिलिमीटर, आणि तेवढी पुरते. तरीही र असेल तर सावध राहावे. त्याचा पाय वरच्या डाव्या बाजूकडून खालच्या उजव्या बाजूला उतरतो, नेमका साडेदहाच्या उजेडाच्या रेषेत. र, स, श असलेल्या मोनोग्रामला दिवा अकराच्या बाजूला सरकवला की तो पाय परत दिसू लागतो.

आता चामड्याकडे. झाडाच्या साली आणि हिरड्यासारख्या फळांनी कमावलेले कातडे ठसा चांगला धरते. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून अशाच रीतीने कमावले जाते. क्रोमने कमावलेले मऊ कातडे रबरासारखे परत वर येते आणि ठसा काही दिवसांत बुजू लागतो. ठशासाठी पितळेचा किंवा मॅग्नेशियमचा डाय करतात आणि त्यावर अक्षरे उलटी असावी लागतात. छापाच्या तांब्यावर कोरणाऱ्यांनाही हाच उलटेपणा सांभाळावा लागतो. आल्ब्रेख्त ड्यूररसारखा उस्ताद आपला ए-डी मोनोग्राम शेकडो वेळा कोरत आला, तरी 1500 च्या सुमाराच्या, बोकडावर उलट्या बसलेल्या चेटकिणीच्या चित्रात त्याचा डी उलटा छापला गेला आहे.

कातडे किंचित ओलसर करून डाय थंड किंवा कोमट दाबायचा, नाहीतर कोरड्या कातड्यावर गरम डाय काही सेकंद दाबायचा, हे दोन रस्ते आहेत. त्यांची सरमिसळ केली की घात होतो: ओल्या कातड्यावर गरम डाय टेकला तर तंतू आक्रसतात, कडा सुरकुततात आणि जागा कडक, करपल्यासारखी होते. ठसा नीट बसला असेल तर खाचेच्या तळाचा दाणा चेपून गुळगुळीत झालेला असतो, म्हणून तळ आजूबाजूपेक्षा थोडा तुकतुकीत दिसतो. कडा धारदार नसतात. त्या गोलसर वळून खाली उतरतात, त्यामुळे उजेडाकडून सावलीकडे जाताना मधे एक मऊ पट्टा लागतो. खाचेच्या बाहेर कातडे जरासे फुगून वरही येते आणि त्या फुगवट्यावर उजेडाची बारीक रेघ उमटते. चित्रकार हीच रेघ विसरतात, आणि मग अक्षर चामड्यात दाबलेले न वाटता पुठ्ठ्यातून कापून काढलेले वाटते.

आणखी एक फसवणूक आहे. दाबाने आणि उष्णतेने कातडे तिथे खरोखरच गडद होते. मग काळेपणातला सावलीचा भाग किती आणि रंगाचा किती? डायरी टेबलावर ठेवून जागच्या जागी अर्धी फिरवावी. जो काळेपणा अक्षराबरोबर फिरला तो रंग, आणि जो दिव्याच्या बाजूलाच राहिला ती सावली. संगणकावर बनवलेल्या नमुना-चित्रातली खोट ओळखायलाही असाच विचार कामी येतो. अक्षराची काळी कड डावीकडे आणि शेजारच्या शिलाईच्या उभार टाक्यांची काळी कडही डावीकडेच असेल, तर दाबलेले आणि उठवलेले एकाच उजेडात असू शकत नाहीत.

धातूवर सगळा हिशेब बदलतो. चामडे उजेड चहूकडे विखुरते, घासलेले पितळ तो आरशासारखा एकाच दिशेला परत पाठवते. त्यामुळे धातूवर दिव्यापेक्षा समोरच्या गोष्टीचे प्रतिबिंब महत्त्वाचे. पितळेच्या पट्टीसमोर पांढरा कागद धरला तर पट्टी उजळ दिसते आणि कोरलेली अक्षरे काळी, कारण खाचेच्या तिरक्या भिंती कागद सोडून खोलीतला अंधार परावर्तित करतात. कागदाऐवजी काळे कापड धरून दिवा बाजूला ठेवला की पट्टी काळी होते आणि अक्षरे चमकू लागतात. दोन्ही फोटो खरेच आहेत. पण वर्णन करणाऱ्याने यांतला कोणता पाहिला ते सांगायला हवे.

कोरणीने धातू काढून टाकला असेल तर खाच बहुधा इंग्रजी व्ही सारखी असते, तिला सपाट तळ नसतो, आणि दोन भिंती मधल्या केसाएवढ्या रेघेवर भेटतात. एक भिंत पूर्ण उजळ, दुसरी पूर्ण काळी, मधे मऊ पट्टा नाही. भांडे जरा हलवले की उजळ-काळ्याची अदलाबदल होते आणि अक्षर लुकलुकते. लेसरने स्टीलवर नुसता काळा रंग आणलेला असेल तर कितीही हलवले तरी अक्षर काळेच राहते आणि नखाला काहीच लागत नाही.

मराठी घरांत धातूवरची अक्षरे सगळ्यांत जास्त सापडतात ती भांड्यांवर. आहेरात दिलेल्या तांब्यावर, परातीवर नाव घालून देण्याची रीत होती. त्यात देणाऱ्याचे नाव, कधी गाव, कधी तारीख. ही अक्षरे पुष्कळदा सलग रेघेची नसून ठोकलेल्या बारीक टिंबांची असतात. प्रत्येक टिंब म्हणजे एक छोटी वाटी, तिच्या एका काठावर चमकीचा कण आणि समोरच्या काठावर काळा कण. वर्षानुवर्षे चिंचेने आणि राखेने घासून काठ झिजतात, आणि समोरून पाहिले तर भांडे कोरे वाटते. अशा वेळी खोली अंधारी करावी, मोबाइलची बॅटरी भांड्याला जवळजवळ चिकटवून धरावी आणि उजेड बाजूने सरपटत जाऊ द्यावा. शिलालेख, ताम्रपट आणि झिजलेली नाणी वाचणारे लोक हेच करतात. 2001 मध्ये टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तत्त्व संगणकावर आणले: कॅमेरा स्थिर ठेवून दिव्याच्या अनेक जागांवरून फोटो घ्यायचे आणि नंतर पडद्यावर उजेड हवा तसा फिरवायचा. ग्रीसमधल्या अँटिकिथिरा यंत्राच्या गंजलेल्या तुकड्यांवरची अक्षरे 2005 मध्ये याच पद्धतीने तपासली गेली.

घरात ते यंत्र नको. भांडे न हलवता नऊ, साडेदहा, बारा आणि दीडच्या दिशेने उजेड टाकून चार फोटो घेतले तर एकात हरवलेली शिरोरेघ दुसऱ्यात सापडते, एकात न दिसलेला काना तिसऱ्यात. जुने तांब्या-पितळ्याचे भांडे मोडीत घालण्याआधी एवढे तरी जरूर करावे, कारण दुकानात ते फक्त वजनावर जाते.