सौदा करण्याआधीची वही

ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये शेअर किती वाजता, कोणत्या भावाला घेतला आणि विकला हे सगळं असतं. नसतं ते एवढंच, की घेताना आपण काय ठरवलं होतं. ट्रेडिंगची वही लिहायची ती त्यासाठी, आणि म्हणून निम्मी नोंद सौदा करण्याआधीच व्हायला हवी. संध्याकाळी लिहायला बसलं की मन नफ्याला कारणं जोडतं आणि तोट्याला सबबी.

समजा, ५०० रुपयांना १०० शेअर घ्यायचे आहेत. वहीत आधी लिहायचं: घेण्याचं कारण, स्टॉपलॉस ४९०, टार्गेट ५२०. म्हणजे धोका १,००० रुपयांचा. या रकमेला ‘एक घटक’ म्हणू. टार्गेट गाठलं तर दोन घटक नफा. सौदा संपल्यावर तीन गोष्टी भरायच्या: कितीला बाहेर पडलो, का पडलो आणि त्यानंतर भाव आधी टार्गेटला लागला की स्टॉपलॉसला. हा शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत. माझ्या मते खरी माहिती त्यातूनच मिळते.

एक कल्पित हिशेब मांडून पाहू. ४० सौद्यांपैकी २४ नफ्यात, १६ तोट्यात. कुणालाही वाटेल, छान चाललंय. पण तोट्यात गेले १७.६ घटक, कारण चार वेळा स्टॉपलॉस खाली सरकवला होता. नफा मात्र १४.४ घटकच. म्हणजे ब्रोकरेज आणि कर धरण्याआधीच ३,२०० रुपये गेले.

आता नफ्याचे २४ सौदे वेगळे काढू. चारच टार्गेटपर्यंत पोचले, त्यांचे आठ घटक. उरलेले २० ‘भीती वाटली’ म्हणून आधीच विकले, त्यांचे मिळून ६.४. शेवटचा रकाना सांगतो, की त्या २० पैकी ११ पुढे टार्गेटला लागले आणि नऊ स्टॉपलॉसला. धरून ठेवले असते तर २२ वजा नऊ, म्हणजे १३ घटक. एकूण हिशेब ३.४ घटक नफ्यात आला असता, तोही फक्त १५ सौदे जिंकून! त्या २० पैकी आठच टार्गेटला लागले असते, तर मात्र लवकर विकणंच बरोबर ठरलं असतं.

नफा घाईने विकायचा आणि तोटा धरून बसायचं, ही सवय टेरन्स ओडीन यांना अमेरिकेतल्या एका ब्रोकरच्या १०,००० खात्यांत दिसली होती. त्यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

तरी ४० सौदे थोडेच. ते वारांप्रमाणे वाटले तर वाट्याला आठ-आठ येतात, आणि ‘गुरुवार मला लाभत नाही’ हा निव्वळ योगायोग असू शकतो. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा, इथे तो ‘टार्गेट किंवा स्टॉपलॉसशिवाय विकायचं नाही’ हा. तारीख घालून तो वहीत लिहायचा आणि पुढचे ४० सौदे नव्या पानावर सुरू करायचे.