ढेकणाचा माग गादीच्या शिवणीवर

सकाळी दंडावर तीन-चार लाल गांधी एका रेषेत दिसल्या, की घरोघरी पहिला संशय डासावर जातो. पण डास उडता असल्याने त्याचे चावे विखुरलेले असतात. चावा घेतल्यावर थोड्याच वेळात गांध उठते आणि बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. ढेकणाला पंख नाहीत. तो चादरीच्या किंवा बाहीच्या कडेने सरकत उघड्या कातडीत सोंड खुपसतो, हालचाल झाली की थांबतो आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा चावतो. ती ओळ अशी उमटते.

तरीही ओळ हा पुरावा नव्हे. ढेकणाच्या चाव्याची खाज काहींना तासाभरात सुटते, तर काहींना कित्येक दिवसांनी. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर काहीच उठत नाही, असेही घडते.

समजा, वसतिगृहातून सुट्टीला आलेल्या मुलाने बॅग आईच्या पलंगावर ठेवली. काही आठवड्यांनी आईच्या हातावर ओळी दिसू लागल्या. मच्छरदाणी लावली, कॉइल जाळली, पण गांधी उठतच राहिल्या. अशा वेळी गादीची शिवण तपासावी. बॅटरीच्या उजेडात जुने एटीएम कार्ड शिवणीतून फिरवले, की शाईचे टिपके वाटावेत असे विष्ठेचे काळे डाग, फिकट पिवळ्या कातींचे तुकडे, तांदळाच्या कणीहून लहान पांढरी अंडी सापडतात. पलंगाचे सांधे आणि स्क्रूची भोकेही बघावीत.

सापडले, की बाजारातला स्प्रे मारण्याची घाई होते. इथेच बहुतेकांचे चुकते. नेहमीच्या स्प्रेमधल्या औषधांना ढेकूण बऱ्याच अंशी सरावले आहेत. अंडी तर त्यातून सहज वाचतात आणि उरलेले ढेकूण भिंतीच्या फटींत पांगतात. रॉकेल ओतल्यास आगीची भीती. दुसऱ्या खोलीत झोपायला गेले, तर ढेकूणही मागोमाग तिकडे पोचतात.

त्यांना खरी मारते ती उष्णता. चादरी, अभ्रे, कपडे पिशवीत बंद करूनच उचलावेत आणि ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवावेत. लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी जपून ओतावे, शिवणींवर वाफ हळूहळू फिरवावी. गादी नुसती उन्हात टाकून भागत नाही. आतला भाग पुरेसा तापत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.

अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दहा-बारा दिवसांनी हे सगळे पुन्हा करावेच लागते. पलंग भिंतीपासून सरकवून प्रत्येक पायाखाली गुळगुळीत प्लास्टिकची वाटी ठेवावी. ढेकणाला तिच्यावर चढता येत नाही, तो आत अडकतो. दोन महिने वाट्या रिकाम्या राहिल्या आणि नवे डागही दिसले नाहीत, तर पलंग मोकळा झाला असे समजायला हरकत नाही. भिंतीत पक्के बसवलेले फर्निचर असेल, तर मात्र पेस्ट कंट्रोलवाल्यांनाच बोलवावे आणि दुसऱ्या फेरीची तारीख आधीच ठरवून घ्यावी.