झाडातल्या रिकाम्या फांद्यांचा धागा

संगणकात क्रमाने लावलेली माहिती ठेवायची एक जुनी आणि भरवशाची रीत म्हणजे बायनरी सर्च ट्री. प्रत्येक नोडमध्ये एक आकडा आणि दोन पॉइंटर असतात. डावा पॉइंटर लहान आकड्यांकडे नेतो, उजवा मोठ्यांकडे. 50, 30, 70, 20, 40, 60 हे आकडे याच क्रमाने घातले, तर मुळाशी 50 बसतो. त्याच्या डावीकडे 30 आणि उजवीकडे 70 येतो. 30 खाली 20 आणि 40, आणि 70 च्या डावीकडे 60.

शोधायला हे झाड झकास आहे. पंचाईत होते ती ‘40 नंतरचा आकडा कोणता?’ असं विचारल्यावर. उत्तर आहे 50, पण 40 पासून 50 कडे जायला वाटच नाही, कारण पॉइंटर सगळे खाली जातात, वर एकही नाही. म्हणून प्रोग्राम उतरतानाच वाटेतले नोड एका स्टॅकवर टिपून ठेवतो आणि परतताना ती टिपणं उलगडतो. झाड जितकं खोल, तितका स्टॅक मोठा.

आता पॉइंटर मोजू. सहा नोडांचे पॉइंटर बारा. मूळ सोडलं तर प्रत्येक नोडकडे वरून नेमका एक पॉइंटर येतो, म्हणजे वापरात पाच आणि रिकामे सात. हे कुठल्याही बायनरी ट्रीला लागू आहे: नोड n असतील, तर रिकामे पॉइंटर n + 1. निम्म्याहून जास्त जागा ‘इथे काही नाही’ एवढंच सांगण्यात खर्ची पडते. अ‍ॅलन पर्लिस आणि चार्ल्स थॉर्नटन यांनी 1960 साली याच वाया जाणाऱ्या जागेवर बोट ठेवलं. रिकाम्या उजव्या पॉइंटरमध्ये क्रमाने पुढच्या नोडचा पत्ता ठेवायचा आणि रिकाम्या डाव्यात मागच्याचा. हाच धागा, आणि अशा झाडाला म्हणतात थ्रेडेड बायनरी ट्री.

आपल्या झाडात 40 चा उजवा पॉइंटर आता थेट 50 कडे जातो, 20 चा उजवा 30 कडे आणि 60 चा डावा 50 कडे. फक्त सर्वांत लहान 20 चा डावा आणि सर्वांत मोठ्या 70 चा उजवा पॉइंटर कुठेच जात नाहीत. तिथे क्रमच संपतो.

पण पॉइंटर खऱ्या फांदीकडे जातो की धाग्याने जोडलेल्या नोडकडे, हे ओळखायचं कसं? त्यासाठी प्रत्येक पॉइंटरमागे एक बिट लागतो. पुढचा नोड शोधणं मग एवढंच उरतं:

```c
Node *next(Node *p) {
    Node *q = p->right;
    if (p->rthread) return q;
    while (!q->lthread) q = q->left;
    return q;
}
```

उजवीकडे धागा असेल तर तोच पुढचा नोड. खरी फांदी असेल तर तिच्यात शिरून डावीकडे जाता येईल तितकं जायचं: 50 वरून 70, तिथून 60. एखाद्या वेळी हा प्रवास लांबतो, पण पूर्ण झाड फिरताना एकूण पावलं नोडांच्या संख्येच्या प्रमाणातच राहतात. स्टॅक लागत नाही.

बिट तपासायचा राहिला तर चूक लगेच दिसते. 20 चा धागा फांदी समजून प्रोग्राम 30 वर जातो, तिथून डावीकडे उतरत पुन्हा 20 वर पोचतो आणि पडद्यावर 20, 20, 20 असं चक्र सुरू होतं.

खरी काळजी नवा आकडा घालताना घ्यावी लागते. समजा 45 आला. त्याची जागा 40 च्या उजवीकडे. आधी 40 कडचा धागा 45 ला द्यायचा, म्हणजे 45 चा उजवा पॉइंटर 50 कडे जाईल. 45 चा डावा धागा 40 कडे लावायचा. आणि मगच 40 चा उजवा पॉइंटर खरी फांदी म्हणून 45 कडे वळवायचा. क्रम उलटा झाला तर 45 ला 40 कडून स्वतःचाच पत्ता मिळतो आणि ‘45 नंतर कोण?’ याचं उत्तर कायम 45 येत राहतं. काढतानाही तसंच. 70 काढला तर 60 चा उजवा धागा त्याच्याकडे जात असतो, तो आठवणीने तोडावा लागतो; नाहीतर तो सोडून दिलेल्या मेमरीकडे बोट दाखवत राहतो आणि प्रोग्राम कधीतरी, भलत्याच ठिकाणी कोसळतो. हा दोष शोधायला पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड.

जोसेफ मॉरिस यांनी 1979 मध्ये यातूनच एक युक्ती काढली: झाड फिरतानाच तात्पुरते धागे बांधायचे आणि परतताना सोडायचे. ना स्टॅक, ना जादा बिट. मात्र त्या वेळात दुसरं कुणी तेच झाड वाचत असेल, तर त्याला मोडलेलं झाड दिसतं.

आज मेमरी मुबलक आहे, म्हणून जावाच्या `TreeMap` सारख्या रचना सरळ प्रत्येक नोडमध्ये वर जाणारा तिसरा पॉइंटर ठेवतात. वारंवार बदलणाऱ्या झाडाला तेच सोयीचं. पण झाड एकदा बांधून पुन्हा पुन्हा क्रमाने वाचायचं असेल आणि मेमरी मोजूनमापून वापरायची असेल, तर धागेच बरे.