तिकीट काढण्याआधी वाचायच्या चार ओळी

मे महिन्यात साताऱ्याचं एक जोडपं अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला लेकीकडे निघालं आहे असं समजू. मुंबईहून तिथे थेट विमान नाही. स्क्रीनवर मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो–इंडियानापोलिस असा प्रवास दिसतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत तीन-चार ओळी असतात. बहुतेक जण भाडं पाहतात, तारीख पाहतात आणि पैसे भरून मोकळे होतात. पण वाटेत काही बिनसलं तर जबाबदारी कोणाची, हे त्या बारीक ओळींतच ठरलेलं असतं.

आधी तारीख आणि वेळ. सुटण्याची वेळ ‘१२ मे, ०२:५५’ अशी लिहिलेली असेल, तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्रीच पोहोचायचं. १२ तारखेच्या रात्री गेलात, तर विमान आदल्या पहाटेच गेलेलं असेल. युरोपकडे जाणारी बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे ही चूक सहज होते. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावातली असते. फ्रँकफर्टला सकाळी ०८:०५ ला पोहोचणार म्हणजे तिथल्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं. साताऱ्यात तेव्हा साडेअकरा उलटून गेलेले असतील.

फ्रँकफर्टहून शिकागोचं विमान १०:४५ ला आहे. मधले दोन तास चाळीस मिनिटं म्हणजे ले-ओव्हर. आंतरराष्ट्रीय प्रवासात हा थांबा चोवीस तासांच्या आत असेल तर ले-ओव्हर आणि त्याहून मोठा असेल तर स्टॉपओव्हर, असा ढोबळ हिशेब आहे. हे दोन तास चाळीस मिनिटं सगळे तुमच्या हाती नसतात. विमानातून उतरायला वेळ लागतो, पुन्हा सुरक्षा तपासणी होऊ शकते, लांब चालावं लागतं आणि पुढच्या विमानाचं गेट सुटण्याच्या वेळेआधीच बंद होतं. प्रत्येक विमानतळासाठी विमान बदलायला लागणारा किमान वेळ ठरवलेला असतो. एका तिकिटावर त्याहून कमी वेळाची जोडणी विमान कंपनी सहसा विकत नाही. तरी हा किमान वेळ सराईत, झपाझप चालणाऱ्या प्रवाशाला पुरेल इतकाच असतो. पहिल्यांदा जाणाऱ्या साठीतल्या माणसांनी अडीच-तीन तास हाती ठेवलेले बरे.

थांबा किती मोठा, यापेक्षाही सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे का, हे जास्त महत्त्वाचं. एकच तिकीट असेल आणि मुंबईचं विमान उशिरा पोहोचल्यामुळे शिकागोचं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम असतं. काही संकेतस्थळं मात्र दोन वेगळी तिकिटं शेजारी शेजारी मांडून स्वस्त प्रवास विकतात. तिथे ‘Self transfer’ असं लिहिलेलं असतं. अशा वेळी पहिल्या कंपनीची जबाबदारी फ्रँकफर्टला संपते. बॅगा तिथे ताब्यात घ्यायच्या, पुन्हा चेक-इन करायचं, त्यासाठी त्या देशात शिरावं लागलं तर व्हिसाही हवा. पुढचं विमान चुकलं तर नवं तिकीट आपल्या खिशातून. वाचलेले आठ-दहा हजार रुपये तिथे एका फटक्यात जातात.

काही देश विमानतळाबाहेर पाऊल न टाकणाऱ्या भारतीय प्रवाशाकडूनही ट्रान्झिट व्हिसा मागतात. ब्रिटन त्यातलाच एक. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की बहुधा सूट मिळते, पण नियम बदलत राहतात. थांबा ज्या देशात आहे त्याच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर तिकीट काढण्याआधी पाहावं.

आता कोडशेअर. आपल्या जोडप्याच्या तिकिटावर विमानाचा नंबर UA आणि पुढे चार आकडे असा आहे. UA म्हणजे युनायटेड. पण खाली लिहिलं आहे: ‘Operated by Lufthansa’. म्हणजे तिकीट युनायटेडने विकलं आहे, विमान आणि कर्मचारी लुफ्तान्साचे आहेत. एकाच विमानातल्या जागा दोन कंपन्या आपापल्या नंबराने विकतात, हे कोडशेअर. यात फसवणूक नाही, पण मुंबई विमानतळावर युनायटेडचा काउंटर शोधत फिरलात तर वेळ वाया जाईल. ‘Operated by’ पुढे ज्या कंपनीचं नाव आहे, तिच्याच काउंटरवर जायचं. वेब चेक-इनलाही हीच अडचण येते. तिकिटावरचा सहा अक्षरांचा पीएनआर युनायटेडचा असतो आणि लुफ्तान्साच्या संकेतस्थळावर तो कधी कधी चालत नाही, कारण त्यांच्याकडे त्याच तिकिटाचा वेगळा पीएनआर असतो. तो युनायटेडकडून किंवा एजंटाकडून आधीच मागून घ्यावा.

एकाच तिकिटावर बॅग मुंबईला दिली की तिला लावलेल्या पट्टीवर शेवटच्या गावाचं चिन्ह छापलेलं असतं, इथे IND. ही अक्षरं काउंटरवरच वाचून घ्यावी. फ्रँकफर्टला बॅगेकडे पाहायचं नाही. शिकागोला मात्र पाहायचंच. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल तिथे इमिग्रेशननंतर बॅग स्वतः पट्ट्यावरून उचलायची, कस्टममधून न्यायची आणि बाहेर पुन्हा कंपनीच्या ताब्यात द्यायची. पट्टीवर IND असलं तरी हे चुकत नाही. म्हणून शिकागोला तीन तासांहून कमी थांबा असलेलं तिकीट टाळावं.

राहिला फेअर क्लास. ‘Economy’ शब्दाशेजारी K, L, Y असं एखादं अक्षर असतं. जागा तीच, जेवण तेच. अक्षर सांगतं ते भाड्याच्या अटी. इकॉनॉमीतल्या जागा कंपनी वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत वाटते. Y हा बहुतेक ठिकाणी इकॉनॉमीचा सर्वांत महाग, पण अटी सैल असलेला गट. बाकी अक्षरांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, तेव्हा ती पाठ करून उपयोग नाही. खालच्या अटी वाचाव्या. तारीख बदलायला किती पैसे, रद्द केलं तर काय परत मिळतं आणि बॅगा किती, एवढं पाहिलं की पुरे. ‘1PC’ म्हणजे एक बॅग, ‘2PC’ म्हणजे दोन. लेकीकडे महिना राहायचं की तीन, हे अजून पक्कं नसेल तर तारीख बदलता न येणारं स्वस्त तिकीट शेवटी महाग पडतं.

या गटांमुळे एक गंमतही घडते. स्वस्त गटात एकच जागा उरली असेल आणि तुम्ही दोन प्रवासी म्हणून शोध घेतलात, तर बऱ्याच संकेतस्थळांवर दोघांनाही वरच्या गटाचं भाडं दिसतं. एक प्रवासी टाकून पाहा. भाडं उतरलं तर कारण हेच. मग दोन वेगळी तिकिटं काढता येतात. मात्र तसं केलं तर दोघांचे पीएनआर वेगळे होतात. विमान रद्द झालं तर संगणकाच्या लेखी ही दोन अनोळखी माणसं असतात आणि ती दोन वेगळ्या विमानांत पडू शकतात. पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या जोडप्याने दोन-तीन हजारांसाठी हा धोका घेऊ नये.