चेंडू बाहेर गेला, आता कुणाचा?

पावसाळ्यात शिवाजी पार्कच्या चिखलात चुन्याची फक्की पुसट होते आणि वाद सुरू होतो. चेंडू रेषेवर असेपर्यंत आतच. तो अख्खा रेषेपलीकडे गेला तरच बाहेर. मग पाहायचं, शेवटचा स्पर्श कुणाचा.

बाजूच्या रेषेवरून गेला, तर समोरच्या संघाला थ्रो-इन, जिथून गेला तिथूनच. नवशिके इथेच चुकतात: घाईत मागचा पाय उचलला जातो किंवा चेंडू छातीपासून ढकलला जातो. दोन्ही पाय रेषेवर किंवा तिच्या बाहेर जमिनीला टेकलेले हवेत, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागून, डोक्यावरून यायला हवा. नाहीतर थ्रो प्रतिस्पर्ध्याला.

आता समजा, तुमच्या विंगरने मारलेला क्रॉस बचावपटूच्या नडगीला लागून गोलरेषेबाहेर गेला. हा कॉर्नर, जवळच्या झेंड्यापाशी, सुमारे एक मीटरच्या पाव वर्तुळातून. झेंडा हलवायचा नाही. नडगीला न लागता तसाच गेला असता, तर गोल-किक: गोलसमोरच्या छोट्या चौकटीत कुठूनही. २०१९पासून तो चेंडू मोठ्या चौकटीतच सहकाऱ्याला देता येतो. जुने खेळाडू मात्र अजून ‘बाहेर काढ!’ म्हणून ओरडतात. या तिन्हींतून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो.