वही तपासताना : निबंधाचा लाल पेन कधी उचलायचा?

मागच्या लेखांकात कथालेखनाची वही तपासली. या आठवड्यात प्रसंगलेखन घेऊ. दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकच लिहायचे असते आणि त्याला आठ गुण असतात. आर्णीच्या मुलांचे पेपर अमरावती विभागीय मंडळाकडून तपासले जातात. पण मंडळाचे गुण हाती येईपर्यंत मुलाला सुधारायला काही उरलेले नसते. सुधारणा होते ती वर्गातल्या वहीवर, म्हणून इथे वर्गातल्या तपासणीबद्दलच बोलतो.

खालचा उतारा कोणा एका मुलाचा नाही. आर्णीकडच्या वह्यांत नेहमी दिसणाऱ्या चुका एकत्र करून तो मीच जुळवला आहे. विषय आहे ‘बाजारात गाठलेला पाऊस’.

‘मी आणी आई बाजाराला गेलो होतो. आर्णीचा बाजार खुप मोठा भरतो. आई भाजी घेऊन राहिली होती. तेवढ्यात जोराचा पाउस आला. लोकाची धावपळ झाली. आम्ही एका दुकानाच्या टिनाखाली उभे राहिलो.

त्यामुळे रस्त्यावर पानी साचले. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, तसेच झाले. एका म्हातारीचे टमाटे वाहून गेले. ती ते वेचत होती.

शेतकऱ्याचे पण असेच हाल होतात. कापसाला भाव मिळत नाही. कधी पाऊस येत नाही, कधी जास्त येतो. म्हणून आपण झाडे लावली पाहिजेत.

असा हा पाऊस मी कधीच विसरणार नाही.’

हा उतारा हाती आला की पेन आपोआप ‘आणी’वर जातो. तिथेच थांबायला हवे. पहिले वाचन पेन खाली ठेवून करावे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने तो कशाबद्दल आहे ते दोन शब्दांत लिहावे. इथे समासात असे उतरेल : बाजार-पाऊस, पाणी-म्हातारी, शेतकरी-झाडे, शेवट. आता वरचा विषय पुन्हा वाचा. तिसरा परिच्छेद विषयाबाहेर गेला आहे हे एवढ्यावरच कळते.

नुसत्या पेन्सिलीवर भरवसा नसेल तर क्रियापदे पाहा. पहिल्या दोन परिच्छेदांत गेलो, आला, झाली, साचले, वाहून गेले असा भूतकाळ आहे. ‘भरतो’ हे बाजाराचे वर्णन आहे, ते चालते. तिसऱ्यात मात्र एकदम होतात, मिळत नाही, येतो. म्हणजे त्या दिवशी घडलेले संपले आणि नेहमी घडणारे सुरू झाले. ‘तेवढ्यात’सारखा शब्दही नाहीसा झाला. प्रसंगलेखनात काळ असा बदलला की बहुधा विषयही सुटलेला असतो. हाच परिच्छेद ‘लहरी पाऊस आणि शेतकरी’ अशा वैचारिक लेखनात बरोबर जागी बसला असता. तो चुकीचा नाही, परका आहे, आणि मुलाला सांगताना हा फरक नीट सांगावा. कापसाच्या भावाची काळजी त्याने घरात ऐकलेली असते. त्याचे म्हणणे खोटे ठरवले, असे त्याला वाटू नये.

मग मूल इकडे वळले का? कारण दुसऱ्या परिच्छेदात त्याच्यापाशी सांगण्यासारखे संपले, असे त्याला वाटले. खरे तर निबंधातली सर्वांत जिवंत जागा तीच आहे. वाहणारे टमाटे आणि ते वेचणारी म्हातारी दोन वाक्यांत उरकली आहे. तिसरा परिच्छेद खोडण्याआधी तिथे समासात प्रश्न लिहावा : ‘म्हातारी काय म्हणाली? तुम्ही दोघांनी काय केले?’ मुलाने याचे उत्तर लिहिले की निबंधाची लांबी भरते आणि झाडे लावायला जावे लागत नाही.

आता प्रवाह. ‘टिनाखाली उभे राहिलो. त्यामुळे रस्त्यावर पानी साचले.’ ही दोन वाक्ये मोठ्याने वाचून दाखवा, चूक मुलालाच ऐकू येते. हे उभे राहिले म्हणून पाणी साचले का? ‘त्यामुळे’, ‘तसेच’, ‘म्हणून’ हे शब्द परिच्छेद जोडतात असे मुलांनी ऐकलेले असते, म्हणून ती ते कुठेही लावतात. तपासताना अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारून विचारावे, कशामुळे? उत्तर आधीच्या वाक्यात नसेल तर शब्द काढावा. इथे ‘बघता बघता रस्त्यावर पाणी साचले’ एवढे पुरते.

म्हणीची गंमत वेगळी आहे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही थोड्याथोड्या साठवणुकीची म्हण. मुलाने थेंब आणि साचणे हे शब्द पाहिले आणि तिला खऱ्या पावसावर बसवले. पाठ केलेल्या म्हणी अशाच शब्दांच्या ओढीने येतात. एकदम कोसळलेल्या सरीला तर तिचा अर्थ उलटाच आहे. म्हण तपासायची कसोटी सोपी आहे : ती झाकून वाचा. काही उणे वाटले नाही तर ती नको होती. ‘दुष्काळात तेरावा महिना’ इथे बसली असती, पण कधी? म्हातारीचा माल सकाळपासून खपला नव्हता, हे आधी लिहिले असते तर. त्या म्हणीला संकटावर संकट लागते, एकाने भागत नाही. आणि निबंधात म्हण नाही म्हणून गुण कापणे मला मुळीच पटत नाही.

शेवटी शुद्धलेखन. आता लाल पेन उचला, पण चुकीच्या जागा मोजू नका, प्रकार मोजा. महामंडळाचे चौदा नियम 1962 साली मान्य झाले, 1972 साली चार जोडले गेले. ‘खुप’ आणि ‘पाउस’ ही एकच चूक आहे : मराठी अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा उकार दीर्घ, म्हणून खूप, पाऊस. ‘आणी’त मुलाने शेवटचा इकार दीर्घ असतो हा नियम पाळला, फक्त ‘आणि’ त्याला अपवाद आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ‘लोकाची’ आणि ‘शेतकऱ्याचे’ इथे अनेकवचनाचा अनुस्वार राहिला आहे, त्यामुळे सगळ्या शेतकऱ्यांचे हाल एकाच शेतकऱ्याचे झाले. सहा जागा दिसल्या तरी प्रकार चारच, आणि चौथा आहे ‘पानी’.

तो कानाचा आहे. वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. तांड्यावरून येणारे मूल घरी गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी आणि वर्गात पुस्तकी मराठी अशा तीन बोलींतून रोज जाते. त्याला ऱ्हस्वदीर्घाचा नियम सांगून ‘पाणी’ येणार नाही, शब्द म्हणवून घ्यावा लागतो. ‘घेऊन राहिली होती’ हे तर अशुद्ध लेखन नाहीच, ती वऱ्हाडी वाक्यरचना आहे. निवेदनात ‘घेत होती’ सुचवावे. पण म्हातारीच्या तोंडी ‘पोट्ट्या, भिजून राह्यला तू, आत ये’ असे आले तर त्याला हात लावू नये, शाबासकी द्यावी.

गुणांची माझी वाटणी मंडळाची नव्हे, वर्गापुरती : विषयाला तीन, प्रवाहाला दोन, भाषा व म्हण मिळून एक, शुद्धलेखनाला दोन. या उताऱ्याला मी अनुक्रमे दोन, एक, अर्धा आणि एक देईन, म्हणजे साडेचार. लाल पेन आधी उचलला असता तर मुलाने सहा शब्द दुरुस्त करून तिसरा परिच्छेद तसाच सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून आणला असता. वहीखाली शेरा दोनच ओळींचा लिहावा : ‘म्हातारीपाशी थांब, तिथून पुढे लिही. आणि खूप, पाऊस यांच्यासारखे पाच शब्द शोधून आण.’

पुढच्या आठवड्यात पत्रलेखन.